लिमिट ‘येते’, ‘जाते’ की ‘पोहोचते’? अकरावीच्या वर्गात प्रश्न कसा विचारावा

फळा-खडू, महाल

अकरावी सायन्सला गणित शिकवते. पुस्तक इंग्रजीत, बोलणं सगळं मराठीत. लिमिटचा धडा घ्यायच्या आधी मुलांच्या मनात काय बसलंय ते बाहेर काढणारे दोन-तीन प्रश्न करायचे आहेत, आणि अडकलेय क्रियापदापाशी.

फळ्यावर (x² − 9)/(x − 3) लिहिते, x तीनच्या जवळ नेते आणि विचारते, “लिमिट किती आली?” सगळा वर्ग म्हणतो, सहा. मग त्याच फलनाला मी एक अट जोडते: x = 3 असताना f(3) = 10. आता लिमिट किती? बरीच मुलं दहावर उडी मारतात. काही म्हणतात, आलेख तुटला, आता लिमिटच नाही. जी सहावर ठाम राहतात त्यांना कारण विचारलं, तर म्हणतात, “मॅडम, वरचं-खालचं कापलं, x + 3 उरलं, तीन टाकले.” म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांच्याही मनात लिमिट म्हणजे तीन टाकल्यावर हाती पडणारी किंमतच. फक्त त्यांनी ती कापाकापी केल्यावर टाकली.

आपण “उत्तर किती आलं” म्हणतो त्याच चालीवर “लिमिट किती आली” म्हणतो. मुलं ऐकतात, आली म्हणजे पोहोचली. प्रश्नात कोणता शब्द घालावा, म्हणजे हा समज उघडा पडेल आणि प्रश्नातूनच त्याला खतपाणी मिळणार नाही?

अंबाझरी

क्लासेसमध्ये शिकवतो. ‘पोहोचते’ शब्द वर्गात काढायचाच नाही, हा माझा नियम. लिमिट म्हणजे ती किंमत जिच्या जवळ-जवळ जायचं, पण जिथे कधीच पोहोचायचं नाही. मी पहिल्याच दिवशी हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतो. ‘जाते’ म्हणा. ‘सहाकडे जाते’. गैरसमज तिथेच संपतो.

वर्धा रोड

इतकं कशाला? शून्य भागिले शून्य आलं की वरचं-खालचं वेगवेगळं डिफरन्शिएट करा. 2x भागिले 1, तीन टाका, सहा. एका ओळीत काम झालं. f(3) = 10 ची भानगड परीक्षेत येत नाही.

फळा-खडू

दादा, सहा कसे काढायचे हे मुलांना येतंच. सहा काढल्यावर ते काय समजतात, हा माझा प्रश्न आहे. शिवाय अकरावीत डेरिव्हेटिव्हची व्याख्याच लिमिटवर उभी आहे. तिच्या आधीच ती वापरली तर मुलांनी उभं कशावर राहायचं?

निवृत्त मास्तर, धरमपेठ

पदवीच्या वर्गांना विश्लेषण शिकवण्यात उमर गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

अंबाझरी, तुमचा नियम अर्धा बरोबर आहे आणि उरलेला अर्धा घातक आहे. “किंमत गाठली म्हणजे लिमिट” हा समज तुम्ही काढता आणि त्याच्या जागी “गाठली तर लिमिट नाही” हा बसवता. तुमच्या विद्यार्थ्यांना एवढंच विचारून पाहा: f(x) = 5, सगळीकडे पाचच. x तीनच्या जवळ नेला तर लिमिट किती? वहीतलं मोठ्या अक्षरातलं वाक्य पाठ असलेला मुलगा इथे अडखळतो. फलन पाचवर बसलेलंच आहे, मग ते ‘जवळ जाणार पण पोहोचणार नाही’ कसं? लिमिट तर पाच आहेच.

हा समज मुलांच्या मंदपणातून आलेला नाही, हेही सांगतो. फ्रेंच विश्वकोशाच्या 1765 साली आलेल्या खंडात ‘लिमिट’ या नोंदीत दालांबेर यांनी लिहिलं होतं की, नीट पाहिलं तर राशी आपल्या लिमिटइतकी कधीच होत नाही. त्यांच्यासमोर वर्तुळात बसवलेल्या बहुभुज आकृतीचं उदाहरण होतं. बाजू कितीही वाढवा, बहुभुजाचं वर्तुळ होत नाही. त्या उदाहरणात ते खरंच आहे. सगळ्या लिमिटना ते लागू नाही, एवढंच.

आता फळा-खडू मॅडम, तुमचा f(3) = 10 चांगला आहे, पण त्यात कापाकापीची पळवाट उरते. जिथे कापण्यासारखं काहीच नाही असा प्रश्न घ्या. मी ही जोडी देत असे. शून्याजवळ पाहा:

f(x) = sin(π/x) आणि g(x) = x·sin(π/x)

मुलांना x = 0.1, 0.01, 0.001 घालून तक्ता करायला सांगा. π/x अनुक्रमे 10π, 100π, 1000π होतो, म्हणून दोन्ही फलनं प्रत्येक वेळी नेमकं शून्य देतात. जवळपास नव्हे, नेमकं. विचारा, लिमिट किती? सगळे म्हणतील, दोन्हींची शून्य, आणि “पोहोचलीच की” हे कोणीतरी मोठ्याने म्हणेल. ते म्हणू द्या.

मग दुसरा तक्ता द्या: x = 2/41, 2/401, 2/4001. हेही आकडे शून्याच्या तितकेच मागे लागलेले आहेत. पण π/x इथे 20.5π, 200.5π, 2000.5π होतो आणि f प्रत्येक वेळी 1 देतो. g मात्र 0.0488, 0.00499, 0.0005 असा आवळत जातो. आता विचारा: दोघांनीही शून्य सारख्याच जागी, सारख्याच वेळा गाठलं. मग एकाची लिमिट शून्य आणि दुसऱ्याला लिमिटच नाही, असं का? इथे वर्ग गप्प होतो. तेव्हा लगेच उत्तर सांगू नका.

बारावीची आई

माझी मुलगी बारावीत आहे, तिच्यासाठी विचारते. तिने कॅल्क्युलेटरवर sin x भागिले x केलं. x = 0.0001 घातला तर 0.0174532925 आलं. पुस्तकात लिमिट 1 दिलीय. पुस्तक चुकलंय का?

निवृत्त मास्तर, धरमपेठ

ताई, पुस्तक बरोबर आहे. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे. 0.01745… ही π/180 ची किंमत, डिग्रीत ती लिमिट हीच असते. रेडियनवर घेऊन परत करायला सांगा.

बारावीची आई

केलं. 0.0001 ला 0.9999999983 आलं. मग तिने 0.00001 घातला तर सरळ 1 आला. ती म्हणते, “आता पोहोचली ना?”

निवृत्त मास्तर, धरमपेठ

हा प्रश्न मी वर्गात मुद्दाम विचारत असे, तुमच्या मुलीने तो आपणहून विचारला. तिला सांगा, शून्य सोडून कुठलाही x घेतला तर sin x / x हे 1 पेक्षा कमीच असतं. 0.00001 ला फरक अकराव्या दशांश स्थळावर सुरू होतो, आणि स्क्रीन दहाच अंक दाखवते. म्हणून तो 1 यंत्राने पूर्णांकित केलेला आहे. पण त्याहून महत्त्वाचं हे की फलन तिथे पोहोचलं असतं किंवा नसतं, लिमिट 1 असण्याला त्याने काहीच फरक पडला नसता.

इतवारीवाला

मी गणिताचा माणूस नाही, भाषेत रस आहे म्हणून वाचून राहिलो. आपल्या नागपुरात या जागी नेमकं रूप आहे ना! “x शून्याकडे जाऊन राहिला.” ‘जातो’ म्हटलं तर पोहोचल्यासारखं वाटते, ‘जाऊन राहिला’ म्हटलं की चालणं सुरूच आहे, संपलं नाही. मॅडमनी वर्गात हेच बोलावं, पोरांना लवकर समजेल.

फळा-खडू

इतवारीवाले भाऊ, हे खरंच बोलून पाहीन, x साठी तरी. पण पोरं “लिमिट सहाकडे जाऊन राहिली” असंही म्हणतात, आणि तिथे मला थांबवावंसं वाटतं. जाणारं कोण? x हलतो, त्याच्यासोबत f(x) हलते. सहा हा आकडा जागचा हलत नाही.

निवृत्त मास्तर, धरमपेठ

अगदी बरोबर, आणि म्हणूनच मी चालण्याची क्रियापदंच हळूहळू सोडून द्या म्हणेन. प्रश्नात ‘ठेवणे’ आणा. “x² ला 9 पासून 0.1 च्या आत ठेवायचंय. x ला 3 पासून किती अंतराच्या आत ठेवावं लागेल?” मुलं आधी 0.1 म्हणतात. तपासायला लावा, 3.1 चा वर्ग 9.61, बाहेर गेला. 0.02 करून पाहतात, 3.02 चा वर्ग 9.1204, अजून बाहेर. 0.016 ला जमतं: 3.016 चा वर्ग 9.096 आणि 2.984 चा 8.904. मग तुम्ही सूट कमी करा, 0.01 म्हणा, ती परत नवं अंतर शोधतील. इथे कोणी कुठे पोहोचत नाही. तुम्ही मागायचं, त्यांनी द्यायचं.

याच मापाने ती जोडी बघा. g ला शून्यापासून 0.01 च्या आत ठेवायचं, तर x ला शून्यापासून 0.01 च्या आत ठेवलं की झालं, कारण साइन एकच्या पुढे जात नाही. f ला शून्यापासून अर्ध्याच्या आत ठेवा म्हटलं तर कोणतंच अंतर पुरत नाही, कितीही अरुंद पट्टी घेतली तरी 2/4001 सारखा एखादा x तिच्यात सापडतोच आणि तिथे f एक होतो. शून्याऐवजी दुसरा कुठला आकडा लिमिट धरला तरी असंच फसतं. आणि तुमच्या f(3) = 10 मध्ये ठेवण्याची अट तीन वगळून बाकीच्या x साठीच आहे, म्हणून तो दहा हिशेबात येतच नाही.

अंबाझरी

f(x) = 5 चा मुद्दा मान्य. वहीतलं वाक्य बदलतो. पण पहिल्याच दिवशी ‘ठेवणे’ आणि सूट वगैरे आणली तर माझी निम्मी पोरं दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. आधी ‘जाते’ने चित्र डोळ्यांसमोर उभं राहू द्या, मग ‘ठेवा’.

निवृत्त मास्तर, धरमपेठ

आधी चित्र उभं राहिलं की ते पुढे पुसता येत नाही, असा माझा अनुभव आहे. पण तुमच्यासमोर रोज मुलं बसतात, माझ्यासमोर आता नाहीत.

फळा-खडू

सोमवारी हा प्रश्न देणार आहे, तक्त्यांच्या आधी, कागदावर, नाव न लिहिता: “एक फलन शून्याजवळ पुन्हा पुन्हा शून्य ही किंमत घेतं. त्याची तिथली लिमिट शून्यच असली पाहिजे का? हो किंवा नाही, आणि का.” ‘येते’, ‘जाते’, ‘पोहोचते’ यातलं काहीच नाही. ‘किंमत घेतं’ कसं वाटतंय?

इतवारीवाला

‘घेतं’ ठीक आहे, पण पोरगा विचारेल, कोणाकडून घेतं?

निवृत्त मास्तर, धरमपेठ

‘किंमत शून्य असते’ म्हणा. आणि “का” साठी कागदावर निम्मं पान मोकळं सोडा, तुम्हाला हवं ते तिथेच मिळेल.