अनुभव धागा: भागीदारी बसली, दोस्तीचं काय झालं?

दोस्तासोबतचा धंदा बुडाला, दोघांनी एकमेकांवर खापर फोडलं, तरी पुन्हा बोलणं सुरू झालं, असं कोणाचं झालंय का? सुरुवात कुठून झाली ते नक्की लिहा.

प्रशांत, मनीषनगर
आमचं सावजी भोजनालय होतं. दोस्ताचे ६ लाख, माझे २ लाख, आणि गल्ला-भटारखाना माझ्याकडे. बंद पडल्यावर तो म्हणे, "पैसा बुडवला तू." मी म्हणे, "दोन वर्षं फुकट राबलो, तू काऊन नाही आला बे कधी?" बोलणं तुटलं ते तुटलंच.

शेवटी इतवारीतल्या एका मुनीमकाकांनी दोघांना बसवलं. चूक कोणाची हा विषय काढायचा नाही, फक्त हिशेब. सामान विकून आणि जागेचं डिपॉझिट धरून २.६ लाख आले होते. किराणा-मटणवाल्यांची १ लाखाची उधारी आधी फेडली. उरले १.६ लाख, म्हणजे ८ पैकी ६.४ लाख बुडाले. लिखापढी काहीच नव्हती, म्हणून तोटा निम्मा-निम्मा, प्रत्येकी ३.२. माझे २ लाख गेलेच, वर १.२ लाख मीच त्याचं देणं लागत होतो! मी उठून निघालोच होतो.

तेवढ्यात काकांनी दोस्ताला विचारलं, "याच्या जागी मॅनेजर ठेवला असता तर काय दिलं असतं?" तो म्हणाला, "महिन्याला १० हजार तरी." दोन वर्षांचे २.४ लाख माझ्या नावे जमा धरले. तोटा ८.८ झाला, प्रत्येकी ४.४. माझं देणं शून्य, उरलेले १.६ लाख त्याला. माझ्या हाती दमडी आली नाही, पण माझ्या राबण्याचा आकडा त्याच्या तोंडून निघाला आणि माझा राग तिथंच उतरला.

राहुल
तोटा निम्मा कसा? ज्याचा पैसा जास्त, त्याचा तोटा जास्त असतो.

वैशाली, वकील
तसं ठरलं असेल तर. काहीच ठरलं नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानं नफा-तोटा समान, आणि राबणाऱ्या भागीदाराला पगार मागता येत नाही. प्रशांतभाऊ, ते १० हजार तुमच्या हक्काचे नव्हते, दोस्तानं मनानं दिले. फर्म बंद झाल्याची जाहीर नोटीस मात्र दिली का? नाही तर एकानं जुन्या नावावर माल उचलला की तगादा दुसऱ्याकडे येतो, आणि जुळलेलं पुन्हा तुटतं.

प्रशांत
नाही दिली, ताई. या आठवड्यात दोघं मिळून देतो.

गजानन
माझ्या मित्रानं लग्नासाठी ५० हजार उसने नेले, फोन उचलत नाही. हेच लागू होईल का?

वैशाली, वकील
नाही दादा, ती उसनवारी आहे, भागीदारी नाही. वेगळं विचारा.

स्मिता, धरमपेठ
आमच्या बुटीकचा हिशेब पैशापैशानं मिटला. तिनं माझा वाटा वेळेवर दिला, सणाला घरीही येते. पण "स्मितानं दुकान बुडवलं" असं तिनं आमच्या अख्ख्या ग्रुपला सांगितलं होतं, ते काही तिनं कोणासमोर परत घेतलं नाही. मी तिला तसं स्पष्ट म्हणावं का? कोणी म्हणून पाहिलंय?