शब्दचर्चा: अक्सुमच्या एझानाने ‘धर्मांतर’ केले की धर्म ‘स्वीकारला’?

पाटीपेन्सिल: इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातल्या अक्सुम राज्यावरच्या लेखाचे भाषांतर चालू आहे. चौथ्या शतकात तिथला राजा एझाना ख्रिस्ती झाला. मी ‘एझानाने धर्मांतर केले’ असे लिहिले, तर तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘ख्रिस्ती धर्म स्वीकारला’ केले. ‘धर्मांतर’ला आज सक्तीचा वास येतो, असे त्यांचे म्हणणे. पटते का?

गावकूस: शब्द बिचारा निर्दोष आहे. अंतर म्हणजे दुसरा. देशांतर, भाषांतर, तसेच धर्मांतर. वर्तमानपत्रांनी बिघडवलेले शब्द आपण टाकत राहिलो तर उरणार काय? शिवाय इथे सक्ती होतीच. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाले आणि त्याने मांडलिकालाही ओढले.

शिळाछाप: अक्सुम रोमचे मांडलिक कधीच नव्हते, त्यामुळे दुसरा भाग चुकतो. फ्रुमेंटियस हा टायर शहरातला तरुण अक्सुमच्या दरबारात वाढला. पुढे त्यानेच अलेक्झांड्रियाला जाऊन अक्सुमसाठी बिशप मागितला आणि तिथला बिशप अथानासियस याने त्यालाच बिशप करून परत पाठवले. इ.स. ३५६च्या सुमारास रोमन सम्राट कॉन्स्टँटियस याने एझाना आणि त्याचा भाऊ साझाना यांना पत्र लिहिले. अथानासियस पदच्युत आहे, तेव्हा फ्रुमेंटियसला अलेक्झांड्रियाच्या नव्या बिशपाकडे तपासणीला पाठवा, असा त्याचा आशय. मांडलिकाला असे समजावत बसत नाहीत. अक्सुमची चर्च पुढेही अथानासियसच्याच परंपरेत राहिली.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र एझानाच्या शिलालेखांत शोधावे. जुन्या लेखांत तो स्वतःला महरेम देवाचा पुत्र म्हणवतो, ‘शत्रूकडून न हरणाऱ्या’ महरेमचा. नंतरच्या, तिथल्या जुन्या गीझ भाषेतल्या लेखात महरेम नाही. तिथे विजय देणारा आहे ‘एग्झिअ समाय’. आणि ‘शत्रूकडून न हरणारा’ हे बिरुद आता खुद्द राजाला लागले आहे. म्हणजे वाक्याचा साचा तोच, देव तेवढा बदलला. नाण्यांवरही असेच दिसते: वरच्या बाजूला आधी चकती आणि चंद्रकोर असायची, त्या जागी क्रूस आला. यात ‘अंतर’ही आहे आणि ‘स्वीकार’ही.

पाटीपेन्सिल: ‘एग्झिअ समाय’साठी लेखात मी ‘स्वर्गाधिपती’ योजले आहे.

गावकूस: फार संस्कृत. ‘आभाळाचा धनी’ म्हणा.

शिळाछाप: ‘धनी’ मला आवडला. ‘एग्झिअ’मध्ये मालकी आहेच. इथिओपियात देवाला आजही एग्झिअब्हेर म्हणतात, त्यातही तोच शब्द आहे: भूमीचा, मुलखाचा धनी. पण ‘समाय’ म्हणजे आभाळही आणि स्वर्गही. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत ‘स्वर्गातील पित्या’ म्हणतात, म्हणून ‘स्वर्ग’ लिहिले की वाचकाला ते लगेच ख्रिस्ती वाटते. गीझ लेखात तसे उघड काही नाही. त्यात येशूचे नाव नाही, त्रैक्य नाही. एझानाच्याच ग्रीक लेखात मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा स्पष्ट आहेत. जुने देव मानणाऱ्या प्रजेला गीझमध्ये न दुखवणारा शब्द आणि ग्रीक वाचणाऱ्यांना पूर्ण कबुली, असे काही अभ्यासक मानतात. मला ते पटते. म्हणून भाषांतरातही तो मोघमपणा राखा.

तळटीप: माझीही अडचण याच विषयातली आहे. तिथल्या चर्चच्या प्रमुखाला ‘अबुना’ म्हणतात, त्याचे मी ‘आर्चबिशप’ केले. आणि ‘इथिओपियाची चर्च पहिल्यापासून स्वतंत्र’ असेही लिहिले. ठीक?

शिळाछाप: ‘अबुना’ तसाच ठेवा. ‘स्वतंत्र’ मात्र बदला. राज्य स्वतंत्र होते, चर्च नव्हती. तिचा प्रमुख शतकानुशतके इजिप्तहून यायचा, तो बहुधा कॉप्टिक भिक्षू असे. एक अबुना वारला आणि दुसरा वेळेत आला नाही, की नवे पुरोहित नेमता येत नसत. स्वतःचा पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, मिळाला तो १९५९ साली.

गावकूस: मग राज्यकर्ते हबशी आणि धर्मगुरू मिसरी, असे सरळ लिहा.

पाटीपेन्सिल: ‘हबशी’ नको. मराठीत तो हिणवणारा झाला आहे.

गावकूस: मघाशी ‘धर्मांतर’ गेले, आता ‘हबशी’! जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणत, ते काय शिवी म्हणून?

तळटीप: पण शब्द मूळचा फारसी ना? परक्यांनी दिलेला?

शिळाछाप: आपल्याकडे अरबी-फारसीतून आला एवढे खरे, पण त्याहून तो जुना आहे. एझानाच्या पदव्यांत, ग्रीक लेखात जिथे ‘इथिओपियन’ आहे तिथे गीझमध्ये ‘हबशत’ आहे. त्यांनी स्वतःच वापरलेले नाव परके कसे?

पाटीपेन्सिल: त्यांनी वापरले म्हणून आपल्या तोंडी त्याची छटा बदलत नाही. मी ‘अक्सुमी’ लिहिणार.

गावकूस: ‘अक्सुमी’ हा कुठला मराठी शब्द? ‘अक्सुमकर’ का नको?