चहा टपरीवर, निर्णय पण टपरीवर, आणि मॅडम शॉपमध्ये एकट्या

वाळूजची_क्वालिटीवाली:
वाळूजला ऑटो पार्टच्या एका कंपनीत क्वालिटीला लागून सात महिने झाले. मशीन शॉपला आम्ही अकरा जण, बाई मी एकटीच. सव्वादहाला सगळे गेटबाहेरच्या टपरीवर जातात, मला कुणी चल म्हणत नाही. डबा पण ते स्टोअरमागच्या खोलीत गोल बसून खातात, मी कँटीनमध्ये. दोनदा मीच टपरीवर गेले तर एकानं लगेच स्टूल पुसून दिलं, "बसा मॅडम", आणि मग कुणी बोलेचना, अर्ध्या मिनिटात सगळ्यांचे ग्लास रिकामे. हे मनावर घ्यायचं का सोडून द्यायचं?

धपाटे_दही:
ताई टपरीचा चहा पिऊच नका, दिवसभर तीच पत्ती उकळत असते. मी घरून थर्मास नेते, आलं टाकून. दोघींपुरता नेला की कुणीतरी येऊन बसतंच.

वाळूजची_क्वालिटीवाली:
दुसरी बाई असती तर धागाच कशाला काढला असता 😅

शिफ्टवाला_भाऊ:
आता आमची बाजू पण ऐका. चौदा वर्षं झाली शॉपला. टपरीवर आम्ही काय बोलतो तर शिव्या, कोणाचं लग्न जमेना, कोणाच्या कापसाला काय भाव आला. बाईमाणूस आलं की तोंड आवरावं लागतं, दहा मिनिटांचा ब्रेक, त्यात पण शिस्त पाळायची का? आणि एकट्या पोरीला चला चहाला म्हणलं की दुसऱ्या दिवशी शॉपभर गोष्ट होती, ती वेगळीच. न बोलवण्यात अपमान नाही, भीती हाय. स्टूल पुसून दिलं ते मानानंच दिलं ना.

वाळूजची_क्वालिटीवाली:
भाऊ मान दिला हे मान्यच, पण बाकीच्यांना कोण स्टूल पुसून देतं का? पाहुण्यालाच देतात. मला शिव्यांचं काही नाही, घरी चुलते कमी देत नाहीत. मागच्या महिन्यात काय झालं ते सांगते. बोअरिंगच्या, म्हणजे पार्टमधलं भोक मापात कापायच्या मशीनवर इन्सर्टचा, कापणाऱ्या छोट्या पात्याचा, कोपरा दर 150 पीसला बदलायचा असं ठरलेलं, माझी चेकशीट पण त्यावरच. इन्सर्ट महाग पडायलेत म्हणून 200 पर्यंत चालवू असं टपरीवर ठरलं, सुपरवायझर, सेटर, ऑपरेटर तिघंही तिथंच, मग सांगायचं राहिलंच कुणाला, तर मला. मी आपली 150 वा पीस बघून ओके केला, पुढचा 151 वा नवीन कोपऱ्याचा फर्स्ट पीस समजून बघितला, लिमिटच्या काठावर होता पण ओके होता, सोडला. शेवटच्या तपासणीत 38 पीसमध्ये गो गेज, म्हणजे भोकात जायलाच हवा असा मापाचा दांडा, जाईना. बोअर लहान निघाला म्हणून रीवर्क करून निभावलं, मोठा झाला असता तर सगळं भंगारात. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न, "क्वालिटी काय करत होती?"

लातूरची_पोर:
सरळ पॉश कायद्याखाली तक्रार टाका. 2013 चा कायदा आहे, एकटं पाडणं म्हणजे हॉस्टाईल वातावरण, ते त्यात लिहिलेलंच आहे. एका तक्रारीत सगळे सरळ होतील.

समितीवर_बसलेली:
थांब गं जरा, त्यात शब्द आहेत पण त्यांचा संबंध लैंगिक छळाशी हवा. मी आमच्या ऑफिसच्या अंतर्गत समितीवर आहे. नुसतं चहाला बोलवलं नाही म्हणून ती तक्रार उभी राहत नाही, आणि नाही टिकली की "बाई उगाच तक्रारी करते" हा शिक्का कायमचा. हां, टपरीवर हिच्यावर घाणेरडे विनोद चालतात, किंवा कुणाला नाही म्हणाली म्हणून तिला तोडलंय, असं असेल तर मग वेगळं, मग लेखी द्या आणि तीन महिन्यांच्या आत द्या. इथं तसं दिसत नाही. हा कामातल्या माहितीचा घोळ आहे, तो मॅनेजरकडं न्यायचा.

जुना_गेजवाला:
ताई, पहिलं तुमचं चुकलं ते सांगतो, राग मानू नका. ताज्या कोपऱ्याचा पहिला पीस काठावर येत नसतो. घासलेल्या कोपऱ्यानं बोअर हळूहळू लहान होत जातो, म्हणजे 151 वा पीस काठावर आला तिथंच कळायला हवं होतं की कोपरा बदललेलाच नाही. मशीनपाशी जाऊन जुना कोपरा दाखव म्हणायचं, दोन मिनिटांचं काम.

आता त्यांचं. टूल लाईफ 150 ची 200 करणं हा फोर एम बदल आहे. माणूस, मशीन, माल, पद्धत, यातलं काहीही बदललं की बोर्डवर लिहायचं आणि क्वालिटीची सही झाल्याशिवाय चालू करायचं नाही. तुमच्याकडं बोर्ड असणारच, ऑडिटच्या आदल्या दिवशी भरत असतील. व्हाय-व्हाय, म्हणजे का-का विचारत मूळ कारण शोधायचा कागद, लिहिताना शेवटचं उत्तर "इन्स्पेक्टरचं लक्ष नव्हतं" आणि उपाय "ट्रेनिंग दिलं" असं होऊ देऊ नका, नव्वद टक्के ठिकाणी तेच लिहून फाईल बंद करतात. "टूल लाईफचा बदल लेखी नव्हता" असं लिहा. टपरीचं नावच काढू नका, नाहीतर मूळ मुद्दा राहील बाजूला आणि बायकांना चहा हवा यावरच मीटिंग संपेल.

परभणीचा_पाहुणा:
बाईचंच कशाला, मी पुरुष असून नांदेडच्या एका ऑफिसात चार महिने एकटा जेवलो. मला वाटायचं भाषेवरून, जातीवरून असंल. नंतर शिपाईमामा म्हणले, साहेब चहाची वर्गणी महिन्याला द्यायची असती, तुम्ही दिलीच नाही. मला कुणी सांगितलंच नव्हतं! पैसे दिले अन् दुसऱ्या दिवशी डब्यातली येसर आमटी माझ्याकडं सरकली. विचारून बघा ताई, तसं काही असंल.

वाळूजची_क्वालिटीवाली:
वर्गणी नाही, ज्याचा त्याचा चहा. पण तुमची येसर आमटी वाचून भूक लागली.

समितीवर_बसलेली:
@परभणीचा_पाहुणा तुमचं पैशानं सुटलं कारण तुम्ही त्या गोलात मावत होता. हिच्या वेळी तर बोलणंच बंद पडतं.

शिफ्टवाला_भाऊ:
बोर्डचं गेजवाल्यांनी बरोबर सांगितलं, ते आमचंच चुकलं म्हणा. पण सहीनं माहिती मिळल, दोस्ती नाही मिळायची. ट्रेनिंगला कोण जाणार, कुठं जागा निघाली, हे बोर्डवर कोण लिहितंय? ते चहातच कळतं. म्हणून म्हणतो ताईंनी रोज यावं, पंधरा दिवस अवघड जाईल, नंतर सगळे सवयीनं बोलतील. आमच्या स्टोअरच्या बाईंचं असंच झालं.

वाळूजची_क्वालिटीवाली:
रोज यायला हरकत नाही भाऊ, पण टपरी हायवेच्या पलीकडं, जाऊन येऊनच सहा मिनिटं, आणि लेडीज टॉयलेट आहे ॲडमिन बिल्डिंगला. दहा मिनिटांत दोन्ही होत नाही. हे तुमच्यातल्या कुणाला कधी मोजावं लागलं नसंल.

शिफ्टवाला_भाऊ:
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं.

लातूरची_पोर:
म्हणजे परत बाईनंच पळायचं 🙄

वाळूजची_क्वालिटीवाली (आठ दिवसांनी):
व्हाय-व्हायमध्ये गेजवाल्या काकांनी सांगितलं तसंच लिहिलं. सुपरवायझर दोन दिवस तोंड फिरवून होते. आता दहा वाजता सगळे बोर्डपाशी उभे राहतात, बदल असला तर मी सही करते, मग ते टपरीकडं आणि मी ॲडमिन बिल्डिंगकडं. काल सेटरनं जाता जाता विचारलं, "मॅडम, चहा पार्सल आणू का?" आणा म्हणलं. पिशवीतला चहा आला, गार झालेला. डब्याचं अजून तसंच आहे.

धपाटे_दही:
म्हणून म्हणलं होतं थर्मास घ्या.