मदत हवी आहे: वसतिगृहातल्या निवडणुकीची गोष्ट अडलीय

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी गोष्ट लिहितेय. नाशिकात गंगापूर रोडवरचं मुलींचं वसतिगृह, मेस सेक्रेटरीची निवडणूक. मतपेटी म्हणजे चपलांचं खोकं, वर सुरीने पाडलेली फट. यादीत सह्या 58, खोक्यातून चिठ्ठ्या निघाल्या 61! सायलीला 31, मृण्मयीला 29, एक बाद.

फेरमोजणीने काही साधत नाही. मतदान गुप्त, त्यामुळे जादा तीन चिठ्ठ्या कोणत्या हे कळणारच नाही. त्या तिन्ही सायलीच्या असतील तर तिची मतं 28, म्हणजे ती हरलेली. फरक दहाचा असता तर तीन चिठ्ठ्यांनी निकाल बदलला नसता.

रेक्टर मॅडम फेरमतदान जाहीर करतात. सायली विचारते, "मॅडम, हा नियम काल कुठे होता? मी हरले असते तरी लावला असता?" मला तिचंही पटतं, तिथेच पेन थांबतं. (बिचारीने खरंच काही केलेलं नाही.)

फेरमतदान कोणत्या अटींवर घेतलं तर दोघी तो निकाल मानतील? अटी मॅडमनी ठरवाव्यात की मुलींच्या सभेने, मतदानाआधी? वसतिगृहात राहिलेल्यांनी सांगा ना, तुमच्याकडे तंटा कसा मिटला होता?