‘फिजिकल एव्हिडन्स’ला ‘भौतिक पुरावा’ म्हणावं का?

कर्वेरोडची: कोथरूडमधल्या एका योगवर्गाच्या ऑफरचं परीक्षण मराठीत लिहिते आहे, विपणन मिश्राच्या सात ‘पीं’नुसार, म्हणजे वस्तू, किंमत, जागा, जाहिरात, माणसं, प्रक्रिया आणि ‘फिजिकल एव्हिडन्स’. ‘माणसं’ आणि ‘प्रक्रिया’ हे शब्द चालले. सातव्याला ‘भौतिक पुरावा’ लिहिलं की पंचनामा वाटतो. दुसरा शब्द सुचवाल का? ऑफर अशी: पहिला वर्ग मोफत, तीन महिन्यांचे 4,500 रुपये, बॅच सकाळी 6 ते 7 आणि 7 ते 8, ‘फक्त 15 जण, प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष’. खोली 20 बाय 15 फूट.

शब्दवेडा: पुरावा म्हणजे शिक्षकाचं प्रमाणपत्रच ना? आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं असलं की झालं. ‘दाखला’ म्हणा.

सेवाविपणन_काका: अर्धं बरोबर. भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र सातव्या ‘पी’त येतं, पण शिकवण्याचं कौशल्य ‘माणसं’मध्येच राहतं. ‘दाखला’ म्हटलं तर खोली, वास, उजेड, चटया हे सगळं बाहेर पडतं. विपणनाचे अभ्यासक बूम्स आणि बिटनर यांनी 1981मध्ये आधीच्या चार ‘पीं’ना माणसं, प्रक्रिया आणि हा सातवा असे तीन जोडले, कारण सेवा विकत घेण्याआधी हातात धरून पाहता येत नाही. मग माणूस आजूबाजूला जे दिसतं त्यावरून अंदाज बांधतो. म्हणून मला ‘दृश्य खुणा’ जवळचा वाटतो.

ताई, तुमच्याच आकड्यांवर लावून बघा. चटई साधारण सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद. थोडी मोकळीक ठेवायची तर प्रत्येकाला रुंदीत निदान तीन फूट हवेत, लांबीत सात. पंधरा फुटांत पाच चटया बसतात. वीस फुटांतून शिक्षकाला आणि चपला-पिशव्यांना सहा फूट गेले, की चौदा उरतात, म्हणजे दोन रांगा. दहा जण झाले. पंधरा घेतले तर तिसरी रांग शिक्षकाच्या जागेत येते, चटयांमधून फिरायला वाट राहत नाही आणि मागच्याच्या गुडघ्यापर्यंत त्यांचा हात पोचत नाही. वैयक्तिक लक्षाचं आश्वासन जमिनीवरच खोटं ठरतं, शिक्षक कितीही चांगला असला तरी.

अनुवादिका_सदाशिव: मग ‘पुरावा’च ठेवा, असं मी म्हणेन! ‘खूण’ नुसती दाखवते. पुरावा बाजूनेही जातो आणि विरुद्धही. तुमची तिसरी रांग विरुद्ध गेलेला पुरावाच आहे. खटकतं ते ‘भौतिक’, त्याने भौतिकशास्त्र आठवतं. ‘दृश्य पुरावा’ चालेल.

सेवाविपणन_काका: ‘दृश्य’ मीच सुचवला, पण त्यात वास आणि आवाज येत नाहीत. घामाने ओल्या चटया गुंडाळून ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी दाराशीच कुबट वास येतो. दिसत काहीच नाही.

मॅटवाली_बाणेर: आमच्या वर्गात जीएसटी लावायचा की नाही, हे कोणी सांगेल का?

कर्वेरोडची: ताई, तो वेगळा विषय आहे, इथे शब्दाचं चाललंय. काका, 6 ते 7 लगेच 7 ते 8, हे कुठे घालायचं? शवासन चालू असताना पुढची बॅच दाराशी बोलत उभी असते.

सेवाविपणन_काका: गोंगाट खोलीत ऐकू येतो म्हणून तो सातव्यात लिहावासा वाटतो. पण कारण वेळापत्रकात आहे, म्हणून दुरुस्ती ‘प्रक्रिये’त लिहा: दुसरी बॅच 7.15ला. त्या पंधरा मिनिटांत चटया पुसून वाळत घालता येतात आणि खिडक्या उघडता येतात, म्हणजे वासाचाही बंदोबस्त होतो. नुसती ‘शांतता राखा’ पाटी लावली तर चार दिवसांत तिच्याकडे कोणी बघत नाही.

मोफत वर्गाचंही तसंच. पाठदुखी, रक्तदाब, गरोदरपण हे नाव नोंदवतानाच व्हॉट्सअॅपवर विचारायला हवं. सगळ्यांसमोर चटईवर विचारलं तर लोक ‘काही नाही’ म्हणतात, आणि रक्तदाबाचा माणूस इतरांबरोबर शीर्षासनाला लागतो. विचारणं ही प्रक्रिया. उत्तर वाचून त्याला वेगळं आसन देणं हे माणसाचं काम.

शब्दवेडा: आणि आसनांत आधाराला घेतात ते ठोकळे? जाहिरातीत ‘अय्यंगार पद्धत’ असेल तर?

अनुवादिका_सदाशिव: मग ते मोजायचेच. शिवाजीनगरची अय्यंगारांची संस्था 1975पासून आहे, त्यामुळे पुण्यात दोर, पट्टे, ठोकळे ओळखणारे पुष्कळ. पंधरा जणांना दोन-दोन म्हणजे तीस ठोकळे हवेत. कोपऱ्यात आठच दिसले तर ‘पद्धत’ हा शब्द ऑफरमधून काढायला सांगा.

कर्वेरोडची: मग तूर्त ‘प्रत्यक्ष पुरावा’ लिहिते. वासही त्यात मावतो.

सेवाविपणन_काका: मावतो, पण कोर्टातला ‘प्रत्यक्ष पुरावा’ पुन्हा आडवा येतो. माझं मत अजून ‘खुणां’कडेच.

अनुवादिका_सदाशिव: आणि माझं ‘पुराव्या’कडे.