मदत हवी आहे: नाइट करून दिवसा झोपायची गोळी, पण पुढच्या शिफ्टला डोकं जड

मी वेर्ण्याला पॅकिंगमध्ये आहे, रात्री १० ते ६ अशी सलग सहा नाइट. फोंड्याला घरी येऊन झोपेपर्यंत आठ वाजतात आणि अकराला डोळे उघडतात ते परत मिटतच नाहीत. काळे पडदे लावले, रात्री दोननंतर चहा बंद केला, फोन बाहेरच्या खोलीत ठेवतो, तरी तेच. म्हणून डॉक्टरांनी क्लोनाझेपाम ०.५ लिहून दिली, ती सकाळी आठला घेतो. झोप सहा तास लागते, तक्रार पुढची आहे.

पहाटे तीन-चारला पेंग पूर्वीही यायची, ती नाइटचीच म्हणून सोडून देतो. पण आता ड्युटीवर चढतानाच, दहालाच, पाय जड असतात, आणि पहिल्या नाइटला कमी, चौथ्या-पाचव्याला जास्त. परवा रिकाम्या पॉकेटची स्ट्रिप माझ्या समोरून गेली, मला दिसलीच नाही, पुढच्या बाईने पकडली. ह्या गोळीचा अर्धा अंमल उतरायलाच तीस-चाळीस तास लागतात असं वाचलं, म्हणजे रोजची रोज साठतच जाते ना?

दारू घेत नाही, घोरत नाही, दुसरं औषध नाही. जाणं-येणं स्कूटरवर, त्याचीच भीती जास्त वाटते. तीन आठवडे झालेत, एकदम बंद करायची नाही हे माहीत आहे, डॉक्टरांना सोमवारी भेटतोय.

नाइटवाल्या नर्स किंवा फार्मसीतल्या कोणी सांगा, झोल्पिडेमसारखी लवकर उतरणारी गोळी दिवसा घेऊन कोणाला रात्री दहाला पूर्ण साफ वाटलंय का, आणि ही कमी करत तिच्यावर कसं आणलं?