आपल्याच सेमिनार पेपरचा चाप्टर केला तर चोरी कशी?

रापणकर, मालवण: एमए सेकंड इयर. मागच्या सेमिस्टरला रापण आणि पर्ससीन मासेमारीच्या वादावर सेमिनार पेपर दिला, मार्क मिळाले. त्यातले 1,800 शब्द डिझर्टेशनच्या तिसऱ्या चाप्टरात घेतलेत, चाप्टर एकूण 7,200 चा. प्लेजरिझम रिपोर्टात 31 टक्के साम्य आलं, त्यातले 25 माझ्याच पेपरचे. हे जाहीर करायचं का, आणि कुठे?

आंबेवाला: आपल्याच बागेतले आंबे काढले तर चोरी होते का रे? वाक्यं फिरव, टक्का उतरेल, विषय संपला.

खाडीकाठ: यूजीसीची 2020 ची सेल्फ प्लेजरिझमवरची सूचना आधी छापून आलेल्या लिखाणाबद्दल आहे. तुझा पेपर छापलाच नाही, म्हणजे तू मोकळा.

जुनी गाईड: खाडीकाठ, छापल्याचं बरोबर, पण मोकळा नाही. रापणकर, डिझर्टेशनचं पहिलं पान काढ. "हे काम यापूर्वी कुठल्याही परीक्षेसाठी सादर केलेलं नाही" असं छापील वाक्य असतं, आणि त्याखाली तू सही करतोस. 1,800 शब्दांवर आधीच मार्क घेतलेत, म्हणजे ती सही खोटी. वाक्यं फिरवून सही खरी होत नाही, उलट लपवल्यासारखं दिसतं.

आधी गाईड आणि सेमिनारचे सर, दोघांना मेल करून लेखी होकार घे. मग त्या छापील वाक्यापुढे जोड: "अपवाद, प्रकरण 3 मधील विभाग 2 व 3, हा मजकूर तिसऱ्या सत्राच्या सेमिनार पेपरमधून सुधारून घेतला आहे." चाप्टरच्या पहिल्या पानावर तळटीप टाक, तिच्यात नवीन काय तेही लिही, म्हणजे नंतरच्या मुलाखती वगैरे. आणि पेपर संदर्भसूचीत "अप्रकाशित" म्हणून.

देवगडची: माझ्या पेपरवर तर सरांनी स्वतःचं नाव पहिलं टाकलंन, मी काय जाहीर करू?

जुनी गाईड: ते वेगळं दुखणं गो, वेगळा धागा काढ.

आंबेवाला: एवढं कबूल केल्यावर परीक्षक म्हणेल, एकाच कामाचे दोनदा मार्क कशाला? आणि 31 टक्के तर राहिलेच ना! यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 ते 40 टक्के साम्य म्हणजे सहा महिन्यांत दुरुस्त करून परत द्या.

जुनी गाईड: म्हणूनच होकार आधी, सबमिशनच्या आदल्या रात्री नाही. तुझा पेपर सॉफ्टवेअरच्या साठ्यात गेलाय म्हणून 25 दिसतात, तो सोर्स वगळून दुसरा रिपोर्ट काढायला सांग आणि दोन्ही जोड. उरलेल्या 6 मध्ये दुसऱ्याचं काही आहे का तेही बघ, सगळं लक्ष 25 वर आणि खरी उचल तिथेच, असं होतं. दोनदा मार्कांचं मात्र तुमचा विभाग ठरवेल, आमच्याकडे एका मुलीला चाप्टर नव्याने लिहायला लावला होता, तळटीप असूनही.

रापणकर: सेमिनारचे सर रिटायर झालेत. होकार कोणाचा घेऊ?

खाडीकाठ: विभागप्रमुखांचा घे ना.

आंबेवाला: आणि ते नाही म्हणाले तर? मी तर विचारलाच नसता.